लिनोवर अक्षरं कोरताना: उलटी मांडणी आणि न तुटणारी सेरिफ

चित्र कोरताना एखादी रेघ अर्ध्या मिलिमीटरने सरकली तर पानाचा किंवा फांदीचा आकार जरा बदलतो, बाकी काही बिघडत नाही. अक्षराचं तसं नसतं. वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा एका दांड्याची सेरिफ उडाली, की बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. म्हणून पहिल्यांदा अक्षरं कोरणाऱ्याने दोनच गोष्टींकडे नीट लक्ष द्यावं: अक्षर ठशावर उलटं कसं न्यायचं, आणि त्याचे बारीक भाग शेवटपर्यंत कसे टिकवायचे. इथे उदाहरण म्हणून एकच छोटं काम घेऊ. दहा बाय आठ सेंटिमीटरचा लिनोचा, म्हणजे कोरून आणि शाई लावून ज्याचा ठसा छापतात त्या शीटचा, तुकडा आहे. त्यावर वर देवनागरीत ‘लिपी’ हा शब्द, शिरोरेषेपासून खालपर्यंत साधारण 35 मिमी उंच. त्याखाली तोच शब्द रोमन कॅपिटलमध्ये, म्हणजे एल, आय, पी, आय ही चार अक्षरं, 18 मिमी उंच आणि सेरिफ असलेली. सेरिफ म्हणजे दांड्याच्या टोकाला दोन्ही बाजूंना बाहेर येणारी बारीक आडवी रेघ.

सामान फार लागत नाही. सुमारे 3 मिमी जाडीचा, मागे तागाचं कापड असलेला करडा किंवा तपकिरी लिनो घ्या. व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं एक बारीक हत्यार म्हणजे व्ही टूल, गोल टोकाचं एक मध्यम यू टूल, अणकुचीदार पात्याचा क्राफ्ट नाइफ, ट्रेसिंग पेपर, 3बी किंवा 4बी पेन्सिल, बारीक टोकाचा परमनंट मार्कर, आणि टेबलाच्या कडेला अडकणारा बेंच हुक असला की काम सुरू करता येतं. रबरासारखे मऊ, गुलाबी-पांढरे ब्लॉक सोपे वाटतात, पण सेरिफच्या अक्षरांसाठी ते घेऊ नका. एक मिलिमीटरची रेघ त्यात उभीच राहत नाही, रोलर फिरला की वाकते आणि छाप वाकडी येते. लिनोसुद्धा जुना नसावा. तो जवसाच्या तेलापासून आणि बुचाच्या भुशापासून बनतो. तेल वर्षानुवर्षं हवेत वाळत राहतं आणि लिनो ठिसूळ होतो. कोपरा किंचित वाकवून पाहा. लगेच भेगा पडल्या तर तो तुकडा सरावाला ठेवा, अक्षरांना वापरू नका.

आधी अक्षर कागदावर जाड करा

सेरिफ तुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा कोरण्याआधीच होते. संगणकावरचा सुंदर फॉन्ट निवडला जातो, आणि त्यातली केसासारखी रेघ त्या मापाला 0.3 मिमीपेक्षा जास्त भरत नाही. ऑफसेटवर ती रेघ छापते. लिनोत ती कोरली गेली तरी दोन-चार छापांत जाते. आपल्या 18 मिमीच्या अक्षरांसाठी दांडा 3 मिमी आणि सेरिफ किमान 1 मिमी जाड धरा. दांड्याच्या बाहेर ती प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. लांब आणि बारीक सेरिफ हीच सगळ्यात आधी तुटते. हात बसल्यावर जाडी 0.7 पर्यंत खाली आणता येते. शाई चेपली जाऊन रेघ कागदावर कोरल्यापेक्षा थोडी जाडच उमटते, म्हणून या मापांची भीती बाळगू नका.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा असतो तो कोपरा. दांडा आणि सेरिफ काटकोनात मिळत असतील तर सगळा ताण त्या एका टोकावर येतो, आणि रेघ नेमकी तिथूनच निघते. त्या जागी लहानसा गोलावा ठेवा. दांडा खाली येता येता रुंद होत सेरिफमध्ये मिसळला पाहिजे. जुन्या धाटणीच्या रोमन फॉन्टमध्ये हा गोलावा मुळातच असतो, म्हणून नवख्याने फॉन्ट निवडताना तसलेच निवडावेत. फॉन्ट आवडीचा आहे पण गोलावा नाही, अशा वेळी प्रिंटवर पेन्सिलने तो स्वतः भरून घ्यावा.

आणखी एक युक्ती आहे. शेजारच्या दोन अक्षरांच्या सेरिफमध्ये एकतर पूर्ण 2 मिमी जागा ठेवा, नाहीतर त्या सरळ एकमेकींना जोडून टाका. मधली अर्ध्या मिलिमीटरची फट कोरायला अवघड, शाईने बुजणारी आणि दोन्ही टोकांना कमजोर करणारी असते. आपल्या कामात एल आणि आय यांच्या खालच्या सेरिफ जोडल्या तर दोन्ही अक्षरं एकमेकांना धरून राहतात, आणि वाचायलाही काही अडत नाही.

देवनागरीचं या बाबतीत भलं आहे. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना वरून बांधून ठेवते. ती अखंड ठेवा, आणि जाडी 2 मिमीच्या खाली नेऊ नका. ‘लिपी’ मध्ये धोक्याची जागा आहे वेलांटीची कमान. कमान आणि शिरोरेषा यांच्यामधली पोकळी निमुळती होत जाते. तिचं निमुळतं टोक जिथे दीड मिलिमीटरपेक्षा अरुंद होईल तिथे ते बोथट करून टाका, नाहीतर पहिल्याच प्रुफात, म्हणजे चाचणीच्या छापात, तिथे शाईचा गोळा दिसेल. अनुस्वार असलेला शब्द घेतला तर तो ठिपका चारी बाजूंनी सुटा उभा राहतो, हे लक्षात ठेवा. त्याला किमान 2.5 मिमी व्यास द्या.

उलटं करणं: नियम एकच

कागदावर सरळ वाचता यायचं असेल तर ठशावर अक्षर आरशातल्यासारखं दिसलं पाहिजे. गोंधळ होतो तो हे उलटं करण्याचं काम दोनदा झाल्यामुळे. लक्षात ठेवायचं ते इतकंच: चित्राचा कागद ठशावर पालथा पडणार असेल तर मूळ मजकूर सरळ हवा, आणि कागद उताणा राहणार असेल तर मजकूर आधीच उलटा करून घ्यायला हवा.

पालथ्या पद्धतीतली सगळ्यात सोपी वाट ट्रेसिंग पेपरची. सरळ अक्षरांचं प्रिंट खाली ठेवा, वर ट्रेसिंग पेपर लावा आणि मऊ पेन्सिलने कडा गिरवून घ्या. मग तो कागद पेन्सिलची बाजू खाली करून लिनोवर ठेवा, एका कडेला चिकटपट्टी लावा आणि चमच्याच्या पाठीने घासा. पेन्सिलचं शिसं लिनोवर उतरतं आणि अक्षरं आपोआप उलटी होतात. एक कोपरा उचलून पाहावं. कुठे फिकं आलं असेल तर कागद न हलवता पुन्हा घासावं. त्याआधी लिनोवरची चकाकी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढलेली असावी, नाहीतर शिसं धरत नाही.

लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स असेल तर ट्रेसिंगचीही गरज नाही. प्रिंट सरळच काढा, पालथं ठेवा आणि ॲसिटोनमध्ये जेमतेम ओलसर केलेला कापसाचा बोळा कागदाच्या पाठीवर दाबत न्या. टोनर सुटून लिनोला चिकटतो. बोळा निथळता असेल तर टोनर पसरतो आणि सेरिफच्या कडा फुटतात, म्हणून कमीच घ्या. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करावं. इंकजेट प्रिंट या पद्धतीला चालत नाही, कारण त्याच्यात टोनर नसतो.

कार्बन पेपर वापरायचा तर मात्र प्रिंट उताणं राहतं. तेव्हा संगणकावर मजकूर आडवा उलटवूनच प्रिंट काढावं लागतं. ट्रेसिंग पेपर असेल तर तो नुसता पालटून मागच्या बाजूने गिरवला तरी भागतं.

आता ठशावर काय दिसतं ते पाहा. ‘लिपी’ उलटी केली की पहिल्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटी अगदी उजवीकडे जाते आणि हुबेहूब दीर्घ वेलांटीसारखी दिसते. ‘पी’ची दीर्घ वेलांटी डावीकडे येऊन ऱ्हस्व वाटू लागते. म्हणजे ठशावर चुकून ‘पिली’ लिहिल्याचा भास होतो, आणि कोरता कोरता हात ती ‘दुरुस्त’ करायला जातो. म्हणूनच ठशावर अक्षर नव्याने हाताने काढू नये आणि आठवणीने काही सुधारूही नये. उतरलेल्या रेषा जशाच्या तशा मार्करने पक्क्या कराव्यात. रोमनमध्ये याहून फसवी असतात ती वरवर समान दिसणारी अक्षरं. सेरिफ फॉन्टमधला यू दोन्हीकडून सारखा वाटतो, पण त्याचा डावा दांडा जाड आणि उजवा बारीक असतो. ठशावर हे उलट दिसलं पाहिजे. एनची तिरकी रेघ उलटी राहून गेली तर छापात ती लगेच डोळ्यांत खुपते.

रेषा पक्क्या झाल्या की ठसा आरशासमोर धरा आणि आरशात शब्द मोठ्याने वाचा. तिथे सरळ वाचता आला तरच हत्यार हातात घ्या. जो भाग काढून टाकायचा त्यावर लाल पेनने तिरक्या रेघा माराव्यात. अक्षराच्या पोटातल्या जागा त्यात आवर्जून घ्याव्यात, कारण चुकून अक्षरच कोरून काढण्याचे प्रसंग बहुतेक तिथेच येतात.

कोरण्याचा कोन आणि क्रम

उभी राहिलेली बारीक रेघ नीट आडवी कापून पाहिली तर तिचा आकार डोंगरासारखा हवा: वर अरुंद, पायथ्याशी रुंद. नवखा माणूस नाइफ सरळ धरतो, आणि मनगट वळलं की पातं अक्षराच्या खाली शिरतं. वरून रेघ एक मिलिमीटरची दिसते, पण खालून ती पोखरलेली असते. छापताना दाब आला की ती एका बाजूला कोसळते. यासाठी पात्याची मूठ अक्षराच्या बाजूला 20 ते 30 अंश कलती ठेवा, म्हणजे टोक अक्षरापासून दूर जात खाली उतरेल. अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाताना हात फिरवू नका, ठसाच गोल फिरवा. मूठ नेहमी अक्षराकडेच कललेली राहिली पाहिजे.

खोलीबद्दलही गैरसमज असतो. खोल कोरलं म्हणजे छाप स्वच्छ येईल असं वाटतं. पण सेरिफच्या लगत 1 मिमी खोली पुरते, आणि अक्षरांच्या पोटात त्याहून थोडी कमी असली तरी चालते. बाहेरच्या मोकळ्या भागात मात्र रोलर खाली टेकतो, म्हणून तिथे दीड-दोन मिलिमीटरपर्यंत जावं. तागाचं कापड दिसायला लागलं की फार झालं. तिथे लिनोला धरायला काही उरत नाही.

क्रम असा ठेवा. आधी आतल्या पोकळ्या कोराव्यात: वेलांटीच्या कमानीखालची जागा, ‘ल’च्या गाठीतली जागा, रोमन पीचं पोट. या वेळी अक्षराच्या बाहेरचा सगळा लिनो जागेवर असतो आणि रेघेला आधार देतो. बाहेरचा भाग आधी काढून मग पोटात शिरलं तर बारीक भिंत दोन्हीकडून मोकळी झालेली असते, आणि टूलच्या धक्क्याने बाहेरच्या बाजूला फुटते. पोकळ्या झाल्या की बाहेरची कड व्ही टूलने काढा. सगळ्यात शेवटी यू टूलने मोकळी जागा साफ करा.

आता रोमन एलकडे नीट पाहू, कारण सगळ्या अडचणी त्यात एकत्र आहेत. त्याची आडवी भुजा बारीक असते आणि तिच्या टोकाला वर उचललेली छोटी सेरिफ असते. ठशावर ही भुजा डावीकडे जाते. पहिलं काम म्हणजे थांबा-काप. भुजा आणि दांडा जिथे आतल्या बाजूने मिळतात त्या कोपऱ्यात, आणि सेरिफच्या प्रत्येक टोकाला, नाइफचं टोक वरून खाली टेकवून एक मिलिमीटर लांबीचा छोटा काप द्या. पुढे व्ही टूल तिथपर्यंत आलं की चीर तिथेच थांबते, पुढे धावत नाही. मग त्या आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करून व्ही टूल बाहेरच्या मोकळ्या जागेकडे ढकला. दिशा नेहमी अक्षरापासून दूर. हात सुटला तरी टूल टाकाऊ भागात जातं.

यातली मेख टूलच्या खोलीत आहे. व्ही टूल जितकं खोल जातं तितकी त्याची चीर वर रुंद होते. सेरिफच्या वर उचललेल्या टोकाजवळ जागा अरुंद असते. म्हणून तिथे पोचताना मूठ किंचित खाली दाबून टूलचं टोक वर आणायचं, चीर उथळ आणि बारीक ठेवायची, आणि टोक ओलांडल्यावर पुन्हा खोल जायचं. हे न करता एकाच खोलीने टूल पुढे नेलं तर चिरीची कड सेरिफवर चढते आणि ती आपोआप कापली जाते. पुष्कळांना वाटतं सेरिफ तुटली. खरं तर ती कापली गेलेली असते. ओळखायचं कसं? तुटलेली कड खडबडीत, दाणेदार दिसते. कापलेली कड गुळगुळीत असते. खडबडीत असेल तर टूल बोथट आहे किंवा लिनो थंड आहे, आणि गुळगुळीत असेल तर हाताच्या खोलीकडे बघायला हवं.

सेरिफभोवती लगेच सगळं मोकळं करू नका. प्रत्येक सेरिफच्या बाहेर दोनएक मिलिमीटरवर न कोरलेला लिनो तसाच राहू द्या. पहिल्या प्रुफात तो छापला जाईल, जाऊ द्या. प्रूफ पाहून अक्षराचे आकार पक्के झाले की मगच तो काढा.

टूलला धार असेल तर ते जवळजवळ आवाज न करता सरकतं आणि अखंड कुरळी साल निघते. सालीचे तुकडे पडू लागले की चामड्याच्या पट्टीवर पॉलिशिंग पेस्ट लावून टूल आठ-दहा वेळा मागे ओढा. ही पट्टी शेजारीच असावी. अक्षरं कोरताना दर पंधरा-वीस मिनिटांनी धार लावायला काहीच हरकत नाही. थंडीत लिनो कडक होतो, तेव्हा गरम पाण्याची पिशवी पाचेक मिनिटं त्याच्यावर ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. लिनो इतका मऊ असतो की बारीक रेघ टूलबरोबर ओढली जाते. तिथे त्या दिवसांत पहाटेच कोरायला बसावं.

लाकडावर कोरायचं असेल तर

फळीवर किंवा प्लायवर आणखी एक हिशेब येतो, तो रेषांचा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाणारी बारीक रेघ टिकते, आडवी जाणारी छोट्या तुकड्यांनी निघून जाते. सेरिफ आडव्या असतात, एलची भुजा आडवी असते, शिरोरेषाही आडवी असते. म्हणून फळी अशी ठेवा की तिचे रेषे डावीकडून उजवीकडे जातील. प्लायमध्ये सगळ्यात वरच्या थराची दिशा पाहा. मग धोका उरतो तो बारीक उभ्या रेघांना, उदाहरणार्थ एनच्या दांड्यांना. त्या दीड मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. लाकडात व्ही टूलने सुरुवात करू नये. आधी नाइफने सगळी कड कापून रेषे तोडावेत, मग दुसऱ्या बाजूने तिरका काप देऊन चीर मोकळी करावी. नाहीतर टूल रेषा धरून थेट सेरिफच्या आत शिरतं. एमडीएफला रेषे नसतात हे खरं, पण त्याच्या कडा भुरभुरतात. सेरिफसाठी तो बरा नाही.

जुन्या लाकडी पोस्टर टाइपात बारीक सेरिफही टिकलेल्या दिसतात, त्याचं कारण तिथे फळी नव्हे तर खोडाच्या आडव्या छेदाचं लाकूड वापरलं जायचं. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने 1827-28 च्या सुमारास असा टाइप यंत्राने कापायला सुरुवात केली. त्या छेदात रेषे उभे असतात, त्यामुळे कुठल्याच दिशेची रेघ कमजोर नसते. पण ते लाकूड महाग, कडक आणि सुरुवातीला हाताला जड असतं.

प्रूफ, शाई आणि साफसफाई

शाई लावण्याआधी ठशावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. उमटलेलं अक्षर उलटं दिसेल. कागद पालटून खिडकीशी धरला की सरळ वाचता येतं. कुठे रेघ तुटली, कुठे पोट बुजलं हे इथेच कळतं, ठसा न मळता.

शाई पातळ थरात लावा. मऊ रोलर उथळ पोकळ्यांमध्ये घुसतो, म्हणून अक्षरांना कडक रोलर बरा. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ हात द्यावेत. पोटं बुजत असतील तर आधी शाई कमी करून पाहा, लगेच जास्त कोरायला जाऊ नका. छापताना लाकडी चमच्याने सेरिफवरून आडवं खेचू नये, वरून गोल गोल दाबत जावं.

सेरिफ सर्वाधिक तुटतात त्या साफ करताना, आणि हे फार कोणी सांगत नाही. फडक्याचा सुटा धागा सेरिफच्या टोकात अडकतो आणि ओढल्याबरोबर तुकडा येतो. तेलाची शाई असेल तर थोडं खायचं तेल टाकून मऊ ब्रशने, रेघेच्या लांबीच्या दिशेने हलवत शाई सोडवा. मग टिश्यू नुसता दाबून टिपून घ्या, पुसू नका. पाण्याची शाई असेल तरी ठसा नळाखाली भिजवू नये. तागाचं कापड पाणी पितं आणि लिनो वळतो.

इतकं करूनही एखादी सेरिफ गेलीच, तर आधी तुकडा शोधा. तो ओल्या सुईच्या टोकावर उचलता येतो. तुटलेल्या जागी इन्स्टंट ग्लूचा एक सूक्ष्म थेंब टाचणीने लावा, तुकडा बसवा, हलकेच दाबा आणि वाळल्यावर 600 नंबरच्या पेपरने वरचा भाग बाकी अक्षराच्या पातळीला आणा. तुकडा हरवला असेल तर एम-सीलसारखी दोन भागांची पुटी किंचित उंच भरा, एक दिवस वाळू द्या, घासून सपाट करा आणि सेरिफ नव्याने कोरा. पुटी लिनोपेक्षा कडक होते, तेव्हा तिथे टूलऐवजी नाइफ वापरा. आणि काहीच जमलं नाही तर समोरच्या बाजूची सेरिफही तेवढीच आखूड करा. एका बाजूची कमी डोळ्याला खुपते, दोन्ही बाजूंनी आखूड झालेली सेरिफ त्या अक्षराची धाटणी म्हणून खपून जाते.

8 मिमीपेक्षा लहान सेरिफची अक्षरं हवी असतील तर रेघ उभी ठेवण्याचा नाद सोडा. अक्षरं बारीक व्ही टूलने आत कोरा, म्हणजे काळ्या पट्टीवर पांढरी छापतील. तिथे सेरिफ म्हणजे नुसती चीर असते, ती तुटत नाही. फक्त शाई आणखी पातळ लावावी लागते, आणि दर पाच-सहा छापांनंतर चिरी कोरड्या ब्रशने मोकळ्या कराव्या लागतात.